डाऊन सिंड्रोम : वाढीचा कोणता तक्ता धरायचा?

पत्र : आमची मुलगी दीड वर्षाची आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे. जन्म ३८व्या आठवड्यातला, हृदयात दोष नाही. लांबी सहाव्या महिन्यात ६२ सेंमी होती, नवव्यात ६६.१, वर्षाची झाली तेव्हा ६९.४, पंधराव्या महिन्यात ७२ आणि आता ७४. वजन ८.९ किलो. एका डॉक्टरांच्या तक्त्यावर ती सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली गेली आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोमचा वेगळा तक्ता काढला आणि मधल्या रेषेच्या जवळच आहे म्हणाले. खरं कोणाचं मानायचं? घरात सगळे म्हणतात, तिला जास्त भरवा. कोणी वाढीच्या इंजेक्शनांचंही सुचवलं. काय करू?

उत्तर : दोन्ही डॉक्टरांनी टिंब बरोबरच टाकलं आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमची मुलगी तिच्या वाटेने नीट वाढते आहे असं दिसतं. जास्त भरवू नका आणि इंजेक्शनाचा विचार सोडून द्या. लांबीसाठी डाऊन सिंड्रोमचा तक्ता धरा, पण वजन लांबीला साजेसं आहे का हे बघताना सर्वसाधारण तक्ताच वापरा. हे उलटसुलट वाटेल, म्हणून तिच्याच आकड्यांवर समजावून सांगतो.

पहिल्या डॉक्टरांनी वापरला तो बहुधा जागतिक आरोग्य संघटनेचा २००६चा तक्ता. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बहुतेक देशांत तोच चालतो. भारतासह सहा देशांतल्या निरोगी, आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांची मापं घेऊन तो बनवला. त्यावर मुलींची मधली रेषा सहाव्या महिन्यात ६५.७ सेंमीवर असते, नवव्यात ७०.१, बाराव्यात ७४, पंधराव्यात ७७.५ आणि अठराव्यात ८०.७. आता तुमच्या मुलीची लांबी या आकड्यांतून वजा करत जा. सहाव्या महिन्यात ती मधल्या रेषेपेक्षा ३.७ सेंमीने कमी होती, मग ४, मग ४.६, मग ५.५ आणि आता ६.७. प्रत्येक भेटीत अंतर वाढलेलं आहे. तक्त्याची खालची रेषा, जिच्याखाली शंभरात जेमतेम दोन-तीन मुलं असतात, ती वर्षाच्या मुलीसाठी ६८.९वर आहे, पंधरा महिन्यांना ७२वर आणि दीड वर्षाला ७४.९वर. म्हणजे वर्षाची असताना ती रेषेच्या जरा वर होती, पंधराव्या महिन्यात बरोबर रेषेवर आली आणि आता खाली गेली. डाऊन सिंड्रोम नसलेल्या मुलीचा आलेख असा दिसला असता, तर डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्याच असत्या आणि ते योग्यही ठरलं असतं.

पण डाऊन सिंड्रोमच्या, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असलेल्या मुलांच्या वाढीचा आकारच वेगळा आहे. ती आईच्या पोटातच थोडी कमी वाढतात आणि जन्मतः सरासरीने जरा लहान असतात. पुढे दोन टप्प्यांत त्यांचा वेग इतरांपेक्षा विशेष मंद असतो : एक, साधारण सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, आणि दुसरा, वयात येतानाची झेप. या दोन टप्प्यांच्या मधल्या वर्षांत त्यांचा वेग इतर मुलांच्या बराच जवळ असतो. हृदय निरोगी, थायरॉइड ठीक, खाणं उत्तम, तरी हा मंदपणा असतोच, कारण त्याचं मूळ त्या जादा गुणसूत्रात आहे. पाय धडाच्या मानाने आखूड राहतात, त्यामुळे बसलेलं मूल वयाला शोभणारं दिसतं आणि उभं राहिलं की बुटकं वाटतं.

तुमची मुलगी नेमकी त्या पहिल्या मंद टप्प्याच्या मध्यावर आहे. सर्वसाधारण तक्त्यावर या टप्प्यातलं डाऊन सिंड्रोमचं जवळजवळ प्रत्येक निरोगी बाळ रेषांमागून रेषा ओलांडत खाली येताना दिसतं. उगाच काळजी वाटते हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा असा की सगळीच मुलं घसरताना दिसली, तर खरोखर आजारी पडून घसरणारं मूल त्यातून वेगळं ओळखता येत नाही. काही महिन्यांनी घरचे आणि डॉक्टर दोघेही म्हणू लागतात, "या मुलांचं असंच असतं." आणि त्या वाक्याखाली थायरॉइडचा आजार वर्षभर लपून राहू शकतो. वेगळा तक्ता यासाठीच हवा. त्याच्या रेषा या मुलांच्या मापांवरून काढलेल्या असल्याने मंद टप्प्यात त्या स्वतःच वाकतात. निरोगी बाळ आपल्या रेषेला धरून राहतं आणि जे घसरतं ते चटकन नजरेत भरतं. मधल्या रेषेजवळ असल्याचं समाधान जरूर माना, पण या तक्त्याचा खरा उपयोग रेषा सुटली की कळावं हा आहे. कोणी कायम दहाव्या पर्सेंटाइलवर, म्हणजे जिच्याखाली शंभरात दहा मुलं असतात त्या रेषेवर, चालत असेल तर तेही ठीकच. पन्नासाव्यावरून दहाव्यावर आलं तर मात्र कारण शोधायला हवं.

दुसऱ्या डॉक्टरांचा तक्ता कोणत्या सालचा आहे, हे एकदा विचारून घ्या. बराच काळ सगळीकडे अमेरिकेतला १९८८चा तक्ता वापरला जायचा. त्यातली मापं आणखी जुनी, जेव्हा हृदयातला दोष लवकर दुरुस्त करण्याची सोय सगळ्यांना नव्हती. डाऊन सिंड्रोमच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो आणि दमलेलं हृदय घेऊन बाळाचं वजन वाढत नाही. अशा मुलांवरून काढलेल्या रेषा साहजिकच खालच्या पातळीवर आल्या. २०१५ साली फिलाडेल्फियातल्या अभ्यासातून नवे तक्ते प्रसिद्ध झाले. ६३७ मुलांची सुमारे दीड हजार मापं त्यांच्यामागे आहेत आणि जन्मापासून वीस वर्षांपर्यंत ते लागू पडतात. जुन्या तक्त्याशी तुलना केल्यावर दिसलं की तीन वर्षांखालच्या मुलांचं वजन आता पूर्वीपेक्षा चांगलं वाढतं. म्हणून आजच्या बाळाचं टिंब १९८८च्या तक्त्यावर टाकलं, तर कमी पडणारं वजनही "ठीक" दिसू शकतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, हे २०१५चे तक्ते सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. मुलामुलींचे वेगळे आहेत. तीन वर्षांपर्यंतचे एक, दोन ते वीस वर्षांचे दुसरे.

ब्रिटन, नेदरलंड्स, स्वीडन, जपान अशा देशांचे स्वतःचे तक्ते आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. स्वीडनच्या अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेल्या स्त्रियांची पूर्ण वाढ झाल्यावरची सरासरी उंची १४७.५ सेंमी आली, नेदरलंड्समध्ये १५१.८. चार सेंमींहून जास्त फरक. आईवडिलांच्या उंचीचा वारसा या मुलांनाही मिळतो. त्यामुळे तुम्हाला जो तक्ता मिळेल तो एकदा निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. मधेच तक्ता बदलला की मुलगी जागची हलत नाही, तरी रेषा बदललेली दिसते.

आता वजन. घरचे "जास्त भरवा" म्हणतात त्यामागचा हिशेब असा असणार : सर्वसाधारण तक्त्यावर दीड वर्षाच्या मुलीचं मधलं वजन १०.२ किलो, आपलीचं ८.९, म्हणजे सव्वा किलो कमी. हा हिशेब चुकतो, कारण तो वयाशी मांडलेला आहे. ७४ सेंमी लांबीच्या मुलीला किती वजन शोभतं, असं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचा लांबीनुसार वजनाचा तक्ता याचं उत्तर देतो : मधली रेषा ९ किलोच्या आसपास, खालची मर्यादा साडेसात किलोच्या आसपास. तुमची मुलगी ८.९ किलोची आहे. लांबीच्या मानाने तिचं वजन जवळजवळ नेमकं मधलं आहे. तिला भरवून भरवून १०.२ किलोवर नेलं, तर लांबी ७४च राहील आणि तिच्या अंगावर एक किलोहून जास्त चरबी चढेल. दीड वर्षाच्या बाळाला एक किलो म्हणजे फार. जादा अन्नाने या मुलांची हाडं लांब होत नाहीत, हे घरात सगळ्यांना एकदा शांतपणे सांगा. मुलीने तोंड फिरवलं की घास थांबवायचा, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

इथे सर्वसाधारण तक्ता का, तर शरीराला किती चरबी झेपते याचं प्रमाण जादा गुणसूत्रामुळे बदलत नाही. शिवाय विशेष तक्त्याचा दुबळेपणा नेमका वजनातच आहे. तो आदर्श मुलांचा नसून, जशी होती तशा मुलांचा आहे. आणि त्या मुलांत, विशेषतः मोठ्या वयात, वजन जास्त असलेली पुष्कळ होती. समजा, बारा वर्षांच्या मुलीची उंची १३५ सेंमी आणि वजन ४२ किलो आहे. मीटरमधल्या उंचीचा वर्ग १.८२, त्याने ४२ला भागलं की बीएमआय २३ येतो. डाऊन सिंड्रोमच्या वजनाच्या तक्त्यावर हे टिंब रेषांच्या गर्दीत सुखाने बसेल आणि कोणी काही बोलणार नाही. सीडीसीच्या सर्वसाधारण तक्त्यावर मात्र त्या वयाच्या मुलींचं ८५वं पर्सेंटाइल सुमारे २१.८वर आहे, आणि २३ त्याच्या वर जातो. म्हणजे वजन जास्त आहे. फिलाडेल्फियाच्याच मुलांची शरीरातली चरबी प्रत्यक्ष मोजून पाहिली, तेव्हा दहा वर्षांवरच्या मुलांत जादा चरबी ओळखायला सर्वसाधारण बीएमआय तक्ताच जास्त खरा ठरला. म्हणून दहा वर्षांनंतर बीएमआय त्यावरच बघतात. तुम्हाला त्याला अजून वेळ आहे, पण लहानपणी "वजन कमी आहे" म्हणून लागलेली भरवण्याची सवय पुढे तशीच राहते, म्हणून आत्ताच लिहिलं.

यापुढे काय बघायचं? लांबी आणि वजन दोन्ही शेजारी ठेवून बघा, कारण आधी कोण थांबलं यावरून कारणाची दिशा कळते. दोन वर्षांची होईपर्यंत तुमच्या मुलीची लांबी आणखी ४ सेंमींच्या आसपास वाढावी, म्हणजे ती ७८च्या जवळ यावी. समजा तेव्हा लांबी ७५.५च भरली आणि वजन मात्र ९.९ झालं. सहा महिन्यांत दीड सेंमी आणि एक किलो. उंची थांबली आणि वजन चालू राहिलं किंवा वाढलं, तर पहिला संशय थायरॉइडवर घ्यायचा. आता उलटं धरा : लांबी ७७, पण वजन ९ किलो. सहा महिन्यांत जेमतेम शंभर ग्रॅम. वजन आधी थांबलं आणि लांबी मागाहून मंदावली, तर अन्न पोटात पुरेसं जात नाही, गेलेलं अंगी लागत नाही किंवा शरीर ते जास्त खर्च करतं आहे. इथे बघायचं ते गिळण्यातला अडथळा, सिलिॲक आजार, हृदय आणि झोपेत श्वास अडकणं.

थायरॉइडबद्दल थोडं अधिक. या मुलांत त्याचे विकार इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात, आणि त्याची लक्षणं, म्हणजे बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, ढिले स्नायू, सुस्ती, ही डाऊन सिंड्रोमच्या बाळात एरवीही असतातच. त्यामुळे लक्षणांवरून ओळखायची वाट पाहत नाहीत. जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, तपासायचं, मूल कितीही छान दिसत असलं तरी. तुमच्या फायलीत बाराव्या महिन्याचा रिपोर्ट आहे का ते आजच बघा. नसेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता करून घ्या. असेल आणि ठीक असेल, तर पुढचा दुसऱ्या वाढदिवसाला. मधे रेषा सुटली तर मात्र वर्षाची मुदत धरून बसू नका, लगेच टीएसएच आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, दोन्ही करा. थायरॉइड कमी पडत असेल तर रोजच्या गोळीने ते भरून निघतं आणि रेषा पुन्हा वर वळते.

सिलिॲकमध्ये गहू, सातू यांसारख्या धान्यातलं ग्लुटेन आतड्याच्या अस्तराला इजा करतं. तपासणी रक्ताचीच : टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजच्या आयजीए प्रतिपिंडांची, आणि सोबत एकूण आयजीए. ही दुसरी विसरू देऊ नका, कारण ज्याच्या रक्तात आयजीएच कमी असतं त्याची पहिली चाचणी खोटी "ठीक" येते. तपासणीच्या आधी ती धान्यं बंदही करू नका, त्यानेही निकाल खोटा ठरतो. गिळण्याच्या अडचणीची खूण जेवताना दिसते : प्रत्येक जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणं, पातळ पदार्थाला ठसका, घशात घरघर, पुन्हा पुन्हा छातीत कफ. काही बाळांचं पाणी श्वासनलिकेत जातं आणि ठसकाही लागत नाही, तेव्हा वारंवारचा कफ एवढीच खूण उरते. झोपेत मोठ्याने घोरणं, मान मागे टाकून किंवा बसून झोपणं हे दिसलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. घोरत नसली तरी तीन ते चार वर्षांच्या दरम्यान एकदा झोपेची तपासणी करून घेण्याची शिफारस आहे.

डोक्याचा घेरही विशेष तक्त्यावरच मांडायचा. या मुलांचं डोकं लहान आणि मागून चपटं असतं, त्यामुळे सर्वसाधारण तक्ता इथेही उगाच घाबरवतो. घेर रेषा ओलांडून भराभर वर चढू लागला किंवा वाढायचा थांबला, तरच त्यात लक्ष घालायचं.

हे सगळं वाचन मापावर उभं आहे, आणि खरी गडबड बहुतेक वेळा मापातच होते. पंधराव्या ते अठराव्या महिन्यात तुमची मुलगी २ सेंमी वाढली. पलंगावर झोपवून टेपने मोजलं तर सहज एक सेंमी इकडेतिकडे होतो, आणि मग हीच वाढ एक सेंमी दिसेल किंवा तीन. एकात घाबराल, दुसऱ्यात निर्धास्त व्हाल, दोन्ही खोटं. म्हणून दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी लाकडी किंवा ॲक्रिलिकच्या लांबीफळीवर मोजायची, जिला डोक्याकडे पक्की उभी पट्टी आणि पायाकडे सरकणारी पट्टी असते. मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं पक्क्या पट्टीला टेकवून धरायचं, नजर सरळ वर छताकडे, हनुवटी छातीवरही नाही आणि वर उचललेलीही नाही. दुसऱ्याने गुडघे अलगद दाबून दोन्ही पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी दोन्ही तळव्यांना भिडवायची. या मुलांचे सांधे सैल आणि स्नायू ढिले असतात. एकच पाय ओढला तर कंबर तिरकी होते, आणि ढिलं बाळ फळीवर कधी कधी नकळत वाकडं पडलेलं असतं. नाक, बेंबी आणि दोन घोट्यांचा मध्य एका रेषेत आहे ना, हे वरून बघून घ्यायचं. केसांतली क्लिप, बो, टोपी आधी काढायची. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा, बाळाला उचलून पुन्हा ठेवून दुसऱ्यांदा मोजायचं. दोन्हींत अर्ध्या सेंमीहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

वजन उघड्या बाळाचं. ओला डायपर दोन-तीनशे ग्रॅमचा सहज असतो, आणि तुमची मुलगी तीन महिन्यांत अंदाजे अर्धा किलो वाढत असेल तर त्यातला निम्मा हिशेब डायपरनेच बिघडतो. काटा शक्यतो दरवेळी एकच.

टिंब टाकताना वय महिन्यांत नेमकं धरायचं, "दीड वर्षाची" असं ढोबळ नको. सतरा आणि एकोणीस महिन्यांत तक्त्यावर दीड-दोन सेंमीचा फरक असतो. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत, चाळीस आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले तितके वजा करून धरतात. तुमची मुलगी ३८व्या आठवड्यातली, तेव्हा तिच्या वयातून काही वजा करायचं नाही. आणि तीन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन टिंबांवरून निर्णय घेऊ नका. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या, नीट मोजलेल्या दोन मापांवर विसंबा. अपवाद एकच : वजन उतरलं तर थांबायचं नाही.

वाढीच्या इंजेक्शनांबद्दल. हे वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन. डाऊन सिंड्रोमच्या बहुतेक मुलांत ते पुरेसं तयार होतं, त्यामुळे बुटकेपणा हे ते देण्याचं कारण होत नाही. स्वीडनमध्ये लहान मुलांना काही वर्षं देऊन पाहिलं तेव्हा देत असताना उंची भराभर वाढली, बंद केल्यावर वेग पुन्हा उतरला, आणि मुलांच्या बौद्धिक विकासात ठोस फरक पडला नाही. त्यासाठी रोज सुई टोचायची. तपासण्यांत संप्रेरकाची कमतरता सिद्ध झाली, तर ती गोष्ट वेगळी आणि ते बालसंप्रेरकतज्ज्ञांनी ठरवायचं. तुमच्या मुलीच्या आकड्यांत असा संशय घ्यावा असं काही नाही.

एक तारीख मात्र आत्ताच लिहून ठेवा. दोन वर्षांच्या भेटीत तिला पहिल्यांदा उभं करून मोजतील. तेच मूल झोपवून मोजलं तर उभ्या मापापेक्षा सरासरी ०.७ सेंमी लांब भरतं, आणि पाय ढिले असलेलं, नुकतंच उभं राहायला शिकलेलं मूल उभं मोजताना याहूनही जास्त आखूड भरू शकतं. दीड वर्षाचं माप झोपवून आणि दोन वर्षांचं उभं करून घेतलं, तर ४ सेंमींची वाढ तीनच दिसेल आणि नसलेली घसरण तक्त्यावर उमटेल. त्या दिवशी दोन्ही मापं घ्यायला सांगा. झोपवून घेतलेलं माप तीन वर्षांपर्यंतच्या तक्त्यावर आधीच्या टिंबांना जोडा, उभं घेतलेलं माप दोन ते वीस वर्षांच्या नव्या तक्त्यावर पहिलं टिंब म्हणून टाका, आणि प्रत्येक आकड्याशेजारी "झोपून" की "उभं" हे पेनने लिहा. ती पूर्ण भार देऊन स्वतः सरळ उभी राहत नसेल, तर उभं माप लांबणीवर टाका. तीन वर्षांची होईपर्यंत झोपवून मोजलेलं चालतं.